मामांची वही आणि दुसरा कप

मामी गेल्यापासून सांगलीतले आमचे मामा गप्पच झालेत. म्हणजे मार्केट यार्डातला हळदीचा दर विचारा, तासभर बोलतील, पण मामींचा विषय निघाला की "बरं हाय" म्हणतात आणि चपला घालून बाहेर. मी काउन्सेलिंग करते, म्हणून घरच्यांनी मलाच पुढं केलं.

मी त्यांना शंभर पानी वही दिली आणि माती खाल्ली. पहिल्या पानावर "तुम्हाला काय वाटतं ते लिहा" असं लिहून ठेवलं होतं. आठवडाभर वही कोरी!

खरंतर हे मला माहीत असायला हवं होतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला लावलं, त्याचा फायदा दिसला आणि लिहिण्याचा बोलबाला झाला. पण 2002 मध्ये शोकावर संशोधन करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि सहकाऱ्यांनी तेच जोडीदार गमावलेल्यांवर करून बघितलं, तर लिहिणारे आणि न लिहिणारे यांच्यात फारसा फरक निघाला नाही. नुसतं "मन मोकळं करा" दुःखात पुरत नाही, कशाबद्दल लिहायचं ते हातात द्यावं लागतं.

मग प्रश्न बदलला. "आज त्यांची आठवण नेमकी कधी आली, तेव्हा हातात काय होतं?" भावना विचारलीच नाही, फक्त वेळ आणि वस्तू. मामांनी एकच ओळ लिहिली, "सकाळी दोन कप चहा गाळला." दुसऱ्या दिवशीचा प्रश्न त्याच ओळीतून काढला, दुसऱ्या कपाचं काय केलं? यावर अर्धं पान आलं. शेवटचा प्रश्न मात्र रोज एकच, आज स्वतःसाठी काय केलं, कारण माणूस दुःखात आणि रोजच्या जगण्यात येजा करत सावरतो, दिवसभर दुःखातच बसून नाही.

वही कोणी वाचणार नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं, नाहीतर माणूस घरच्यांना बरं वाटेल असंच लिहितो. मी पुढचा प्रश्न ठरवायचे ते त्यांनी आपणहून जेवढं दाखवलं तेवढ्यावरच.

लिहून झाल्यावर तासभर जड वाटतं, ते चालतं. जड वाटणं दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर प्रश्न सोपा करायचा, आणि लिहिता लिहिताच सहन होईना तर तिथंच थांबायचं. खरी धोक्याची खूण वेगळी आहे. मामांच्या वहीत एकदा तीन दिवस तेच वाक्य आलं, "आधीच दवाखान्यात नेलं असतं तर." हे लिहिणं पुढं सरकत नाही, जागेवरच फिरतं. तेव्हा मी "का" विचारणं सोडलं आणि म्हटलं, मामींना चिठ्ठी लिहा, आणि त्यांनी काय उत्तर दिलं असतं तेही.

उत्तरात होतं, "चहात साखर कमी टाका."

वर्ष उलटूनही रोज तीच ओढ असेल, कामधंदा होत नसेल, किंवा जगूच नये असं लिहिलं जात असेल तर वहीवर भागत नाही. त्यातलं शेवटचं दिसलं तर वर्षाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावायचा.

मामा आता एकच कप गाळतात, पण भांडं अजून दोन कपाचंच आहे.