पेसमेकर रोपण
(मंद हृदयगतीवरील उपाय)

हृदयाचे ठोके फार मंद पडले किंवा मध्येच थांबू लागले, तर ठरावीक वेळी सूक्ष्म विद्युत् आवेग देऊन ठोका घडवून आणणारे उपकरण छातीच्या त्वचेखाली बसवतात. त्या शस्त्रक्रियेला पेसमेकर रोपण म्हणतात. उपकरणाचे अनेक प्रकार आहेत. या नोंदीत मुख्यतः संपूर्ण हृद्‌रोध या विकारासाठी बसवल्या जाणाऱ्या साध्या पेसमेकरचा विचार केला आहे, कारण उतारवयात पेसमेकरची निकड पुष्कळदा याच विकारात भासते.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात उगम पावणारा आवेग एका अरुंद वाटेने खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत उतरतो. वयोमानाने ही वाट तंतुमय होऊन तुटली की वरचे कप्पे आपल्या गतीने चालू राहतात, पण खाली संदेश पोहोचत नाही. हाच संपूर्ण हृद्‌रोध. निलये मग स्वतःच्या राखीव गतीवर, मिनिटाला साधारण ३० ते ४० ठोक्यांवर येतात. ही राखीव गतीही भरवशाची नसते. ती काही सेकंद खंडित झाली की मेंदूला रक्त कमी पडून रुग्ण कोसळतो. कोसळताना चेहरा पांढराफटक पडतो आणि शुद्धीवर येताना लालबुंद होतो. झटक्यासारखी हालचालही होऊ शकते, त्यामुळे अशा रुग्णांवर फेफऱ्याचे उपचार चालू असल्याचे पुष्कळदा आढळते. रॉबर्ट अ‍ॅडम्स (१८२७) आणि विल्यम स्टोक्स (१८४६) या डब्लिनच्या वैद्यांच्या नावांनी हे झटके ओळखले जातात. मात्र मंद नाडी आणि मूर्च्छा यांचा संबंध इटलीतील मोर्गान्यी याने १७६१ मध्ये आणि त्याआधी गेर्बेझियस यानेही वर्णिला होता, त्यामुळे अग्रक्रम डब्लिनकरांना देणे तितकेसे रास्त वाटत नाही.

उपकरणाच्या जनकत्वाचा वादही मिटलेला नाही. सिडनीतील मार्क लिडविल यांनी १९२८ च्या सुमारास सुईवाटे आवेग देऊन एका नवजात बालकाचे हृदय चालू केल्याची माहिती मिळते. त्यांचे निवेदन १९२९ चे आहे. न्यूयॉर्कच्या अ‍ॅल्बर्ट हायमन यांनी १९३२ मध्ये हाताने किल्ली द्यायचे यंत्र प्रसिद्ध केले आणि ‘कृत्रिम पेसमेकर’ हा शब्दप्रयोग रूढ केला, पण ते यंत्र माणसांवर कितपत वापरले गेले याविषयी एकवाक्यता नाही. पॉल झोल यांनी १९५२ मध्ये छातीवरून विजेचे आवेग देऊन रुग्ण जगवले. ही पद्धत वेदनादायक होती आणि तिने त्वचा भाजे. संपूर्ण उपकरण शरीरात बसवण्याचे श्रेय सामान्यतः स्टॉकहोममधील शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांना देतात. दिनांक ८ ऑक्टोबर १९५८, रुग्ण आर्ने लार्सन. उपकरणाचे ट्रान्झिस्टरयुक्त विद्युत् मंडल बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा वापरून राळेत ओतले होते. ते काही तासांतच बंद पडले, आणि नेमके किती तासांत याबाबत वृत्तांत जुळत नाहीत. बंद पडलेल्या उपकरणाला ‘पहिले’ म्हणावे का, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकी अभ्यासकांचा कल विल्सन ग्रेटबॅच आणि विल्यम चार्डॅक यांच्या १९६० मधील अधिक टिकाऊ रोपणाकडे असतो. रोपणाची कल्पना आणि कृती म्हणून १९५८ धरणे अधिक सयुक्तिक दिसते. लार्सन पुढे अनेक उपकरणे बदलून २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. तोवर सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही निवर्तले होते.

आजचे उपकरण मोठ्या नाण्यापेक्षा थोडे मोठे आणि साधारण २५ ते ३० ग्रॅम वजनाचे असते. टायटॅनियमच्या बंद डबीत लिथियम-आयोडिनची बॅटरी आणि मंडल, तर डबीला जोडलेली वेष्टित तार शिरेतून थेट उजव्या निलयात. सर्वांत साध्या प्रकाराला व्हीव्हीआय म्हणतात. त्याचे काम मुख्यतः वाट पाहण्याचे आहे. गती ६० ला लावलेली असेल, तर प्रत्येक ठोक्यानंतर ते एक सेकंद थांबते. तेवढ्यात हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर आवेग देत नाही आणि पुन्हा शून्यापासून मोजू लागते. न आला तरच आवेग सोडते. म्हणजे रुग्णाची नाडी ८० असताना उपकरण गप्प असते, ते बिघडलेले नसते. नाडी वेगवान झाली तर ती कमी करणे, हृदयविकाराचा झटका टाळणे किंवा रक्तदाब उतरवणे ही त्याची कामे नव्हेत, त्यामुळे त्यांच्या गोळ्या चालूच राहतात.

कप्पे जुळवून चालवणारे दोन तारांचे उपकरण चांगले की एका तारेचे, याबद्दल मतभेद आहेत. दोन तारांमुळे हृदयाचा नैसर्गिक क्रम राखला जातो. एका तारेच्या उपकरणाने काहींना मान धडधडणे, दम लागणे, गळून जाणे असा त्रास होतो. मात्र सत्तरी ओलांडलेल्या दोन हजारांवर रुग्णांच्या २००५ मधील ब्रिटिश पाहणीत दोन्ही गटांच्या मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही. खर्च आणि शस्त्रक्रियेतील गुंतागुंत पाहता अतिवृद्ध, घरापुरते हिंडणाऱ्या रुग्णाला एका तारेचे उपकरण अपुरे ठरते असे म्हणता येत नाही. वरच्या कप्प्यांची कायमची अनियमित थरथर असेल, तर दुसऱ्या तारेचा प्रश्नच उरत नाही.

प्रत्यक्ष क्रम उदाहरणाने स्पष्ट होईल. गुहागर तालुक्यातील सुपारीची वाडी राखणारे ७४ वर्षांचे गृहस्थ शिंपण्याच्या वेळी दोनदा भोवळ येऊन पडले. नाडी ३४. ईसीजीत वरच्या कप्प्यांच्या लहरी मिनिटाला ८२, खालच्यांच्या ३४, आणि दोहोंचा एकमेकींशी काहीही मेळ नाही. एवढ्यावर रोपण ठरत नाही. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल हे नाडीही मंदावणारे औषध चालू होते, ते थांबवतात. रक्तातील पोटॅशियम आणि थायरॉइड तपासतात. कोकणात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची बी पोटात गेली आहे का? कुंपणाकुंपणाला लावलेल्या या झाडाच्या विषाने असाच हृद्‌रोध होतो, पण विष उतरले की तो जातो आणि तेथे तात्पुरता पेसमेकर पुरतो. या गृहस्थांचे औषध बंद करूनही रोध टिकला. त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवायचे ठरले. मानेच्या शिरेतून बसवलेली तात्पुरती तार घाटातल्या हिसक्यांनी सरकू शकते, म्हणून रुग्णवाहिकेत छातीवरून आवेग देणाऱ्या चिकटपट्ट्यांची बाह्य सोय जोडून ठेवतात. कोकणाच्या दक्षिणेकडील रुग्ण यासाठी बहुधा कोल्हापूर किंवा गोवा गाठतात, उत्तरेकडील मुंबई.

रोपणात भूल बहुधा स्थानिक असते. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली साधारण दोन इंचांचा छेद घेऊन त्वचेखाली खिसा करतात, शिरेतून तार आत सरकवतात, क्ष-किरण पडद्यावर पाहत तिचे टोक निलयाच्या भिंतीत रुतवतात. मग तार मोजून पाहतात. हृदय किती कमी दाबाच्या आवेगाला दाद देते, हे यातले कळीचे माप. या रुग्णात ते ०.६ व्होल्ट निघाले. १ व्होल्टच्या आत असले की जागा चांगली समजतात. तरीही उपकरण ३.५ व्होल्टला लावून घरी सोडले, कारण पहिल्या काही आठवड्यांत तारेच्या टोकाभोवती सूज येऊन ही गरज वाढते. तीन महिन्यांनी सूज निवल्यावर ते २.५ व्होल्टवर आणले. ही दुसरी भेट चुकली तर बॅटरी विनाकारण लवकर संपते, आणि गावाकडच्या रुग्णांची नेमकी हीच भेट चुकते.

पहिल्या चार ते सहा आठवड्यांत धोका तार निसटण्याचा. त्या काळात डावा हात खांद्याच्या वर नेऊ नये, कळशी उचलू नये, रहाट ओढू नये, नारळ सोलू नये. उलट हात गळ्यात बांधून अजिबात न हलवल्यास खांदा आखडतो, म्हणून खांद्याखालच्या हालचाली करत राहाव्यात. तार सरकली तर पुन्हा भोवळ, नाडी पूर्ववत मंद, किंवा पोटात लयीत उचकीसारखे धक्के जाणवतात. जखमेवर फुगवटा आला तर तो सुईने काढून घेऊ नये. आत बहुधा साकळलेले रक्त असते आणि सुईबरोबर जंतू खिशात जातात. लाली, स्राव किंवा डबी त्वचेतून दिसू लागणे हे संसर्गाचे लक्षण. तेथे प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी भागत नाही, सहसा डबी आणि तार दोन्ही काढावी लागतात. डबी बोटांनी चाळवण्याची सवयही वाईट, कारण तिच्यामुळे तार डबीभोवती गुंडाळली जाऊन ओढली जाते.

नंतरच्या जपणुकीत अनावश्यक भीतीच जास्त आढळते. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांचा त्रास नाही. मोबाइल उजव्या कानाला लावावा आणि डाव्या खिशात ठेवू नये, सहा इंचांचे अंतर पुरते. गणपतीतल्या ध्वनिक्षेपकाला छाती टेकवून उभे राहू नये, कारण त्यात मोठे चुंबक असते. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट राहावे. गॅरेजमध्ये वेल्डिंग करणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. किनारपट्टीवर खरी काळजी घ्यायची ती विहिरीवरच्या पंपाची. खारी हवा आणि पावसाळी ओल यांनी अर्थिंग गंजते, पंपाला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. शरीरातून जाणारा असा गळका प्रवाह उपकरणाला हृदयाचेच ठोके वाटू शकतो. मग ते आवेग देणे थांबवते, आणि ज्याचे हृदय पूर्णतः त्यावर अवलंबून आहे तो पंपापाशीच कोसळतो. घरात अर्थिंग तपासून गळती-प्रवाह तोडणारा स्विच बसवणे हा यावरचा उपाय होय. माडावर चढणे किंवा होडीवर एकट्याने जाणे केव्हा सुरू करावे हे डॉक्टरांनी ठरवावे. जाळे ओढणे तार पक्की झाल्यावर बहुतेकांना जमते.

घरी नाडी मोजताना एक चकवा होतो. उपकरण ६० ला लावलेले असून मनगटावर ४५ भरतात आणि घरचे घाबरतात. मध्येच येणारे अवेळी ठोके मनगटापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून संख्या कमी भरते. काही उपकरणे रात्री मुद्दाम ५० वर उतरवलेली असतात. निर्णय ईसीजीवर होतो. मात्र भोवळीसह नाडी मंद असेल तर वाट पाहू नये.

रुग्णाजवळ उपकरणाचे ओळखपत्र असावे. एमआरआयपूर्वी ते दाखवावेच लागते, कारण डबी आणि तार दोन्ही त्यास योग्य असतील तरच आणि उपकरण तसे लावूनच तपासणी करतात. शस्त्रक्रियेत विजेने ऊती कापणारा किंवा डागणारा विद्युत्‌दाहक वापरायचा असल्यास भूलतज्ज्ञाला आधी सांगावे. अंत्यसंस्कार दहनाने होणार असतील तर डबी आधी काढून घेतात. लिथियमची बॅटरी चितेत फुटते. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षे टिकते. ती संपत आल्याचे सहा महिने ते वर्षाच्या अंतराने होणाऱ्या तपासणीत आधीच कळते. त्या वेळी जुना छेद उघडून फक्त डबी बदलतात. तार ठीक असेल तर तीच नव्या डबीला जोडतात.