भाव पुन्हा कधी विचारायचा? पोलिंगच्या बदलत्या वेगाची पार्श्वभूमी

२३ मार्च २०२० च्या सोमवारी बाजार उघडून तासही झाला नव्हता, तेवढ्यात निफ्टी दहा टक्के घसरून लोअर सर्किटला टेकला आणि व्यवहार ४५ मिनिटांसाठी थांबले. ब्रोकरच्या एपीआयला ठरावीक वेळानं भाव विचारणाऱ्या, म्हणजेच पोलिंग करणाऱ्या प्रोग्रॅमला त्या पाऊण तासात एकच आकडा दिसत राहणार. ‘बाजार हलला की भरभर विचार, शांत झाला की सावकाश’ एवढाच नियम त्याला दिला असेल, तर तो वेग कमी करत जाणार, आणि तेही सगळ्यात बिकट घटकेला. हा नियम आला कुठून, हे पाहिलं की तो इथे का फसतो तेही उमगतं.

त्याचं एक मूळ कापसाच्या भावांत आहे. १९६३ साली बेन्वा मँडेलब्रॉट यांनी त्या भावांचा अभ्यास करताना नोंदवलं की मोठ्या चढउतारामागून बहुधा मोठाच चढउतार येतो आणि लहानामागून लहान. दिशा मात्र कुठलीही असू शकते. १९८२ मध्ये रॉबर्ट एंगल यांनी बदलत्या अस्थिरतेचं गणिती प्रारूप मांडलं. त्याबद्दल २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पोलिंग करणाऱ्याला यातून एक गोष्ट मिळते: पुढच्या मिनिटात भाव कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण किती हलेल याचा अंदाज गेल्या मिनिटावरून बांधता येतो. हे खरं नसतं, तर हालचाल पाहून वेग बदलण्याला काही अर्थच नव्हता.

दुसरं मूळ घड्याळात आहे. संगणकांची घड्याळं जुळवणारा एनटीपी हा प्रोटोकॉल डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडला. त्यात तुमचा संगणक सर्व्हरला सहसा ६४ ते १०२४ सेकंदांच्या अंतरानं वेळ विचारतो, आणि हे अंतर स्वतःच कमीजास्त करतो. मला यातली सगळ्यात शहाणी वाटणारी गोष्ट आत दडलेली आहे. घड्याळ नीट जुळत असेल तर एका काउंटरमध्ये गुण जमा होतात आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की अंतर दुप्पट होतं. फरक वाढला तर तेच गुण दुपटीनं वजा होतात. म्हणजे विश्वास बसायला वेळ लागतो, उडायला त्याच्या निम्माच. बाजारासाठीही हेच हवं: वेग झटकन वाढवा, कमी करताना घाई नको.

आता या दोन गोष्टी एकत्र करू. निफ्टी २४,००० वर आहे आणि दिवसभराची नेहमीची हालचाल ०.७५ टक्के, म्हणजे १८० अंश आहे असं धरा. सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे २२,५०० सेकंद. भाव सरळ रेषेत जात नाही, पुढे-मागे करत सरकतो, म्हणून चौपट वेळेत तो साधारण दुप्पटच लांब जातो. त्यामुळे १८० ला २२,५०० च्या वर्गमुळानं, म्हणजे १५० नं भागायचं. एका सेकंदाची हालचाल १.२ अंश येते. दोन विचारणांमध्ये १२ अंशांचा फरक चालणार असेल तर त्यांच्यामधलं अंतर `T` असं येतं:

```
T = (12 / 1.2)**2   # 100 सेकंद
T = (12 / 4.8)**2   # 6.25 सेकंद
```

दुसरी ओळ हालचाल चौपट झालेल्या दिवसाची आहे. हालचाल चौपट, पण विचारणा सोळापट! नवख्याचा अंदाज इथेच चुकतो. दहापट झाली तर अंतर एका सेकंदावर येतं. कोटसाठी सेकंदाला एकच विनंती चालत असेल, तर त्यापुढे `429 Too Many Requests` हेच उत्तर येणार. तिथून पुढे वेबसॉकेट लावा, म्हणजे भाव विचारावा लागत नाही, तो आपणहून येतो.

मी पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा हालचाल मोजताना मधल्या वेळेनं भागायचं विसरलो होतो. शंभर सेकंदांत सरकलेले १२ अंश प्रोग्रॅमला खळबळ वाटायचे, तो भरभर विचारू लागायचा. मग दर सेकंदाला दिसणारे छोटे फरक शांततेसारखे वाटून पुन्हा मंदावायचा. लॉगमध्ये अंतरांचे आकडे हेलकावे खात होते आणि बाजार मात्र जागचा हलत नव्हता. फरकाच्या वर्गाला मधल्या सेकंदांनी भागलं तेव्हा ते थांबलं.

पण त्या सोमवारचा प्रश्न या सूत्रानं सुटत नाही, कारण ते बाजार जिवंत आहे असं गृहीत धरतं. हालचाल शून्याकडे गेली की `T` अनंताकडे जातं, म्हणून कमाल अंतराला आधी टाचणी मारायची. आमच्याकडे ती तीस सेकंदांवर आहे. शिवाय भावासोबत शेवटच्या सौद्याची वेळही वाचायची. ती वेळ पुढे सरकत असेल आणि भाव स्थिर असेल तर ती खरी शांतता. वेळच अडकली असेल तर व्यवहार थांबले आहेत किंवा फीड मेलं आहे. अशा वेळी अस्थिरतेचा जुना आकडा आहे तसा गोठवायचा, आणि सौदे पुन्हा सुरू होईपर्यंत वेगाला हात लावायचा नाही.