'महोदय' कुठून आले आणि त्याजागी काय लिहावे

जुन्या मराठी पत्रात अनोळखी माणसाला उद्देशून लिहिणे अवघड होते, कारण बहुतेकदा मायना लिहायचा तर समोरच्याचा दर्जा, वय आणि नाते आधी ठाऊक असावे लागे. 'राजमान्य राजश्री', 'तीर्थरूप', 'चिरंजीव' हे मायने त्यातूनच ठरत, आणि स्त्रीच्या बाबतीत तर नवरा हयात आहे की नाही हेही 'सौ.' किंवा 'गं. भा.' यावरून पाकीट फोडण्याआधीच गावाला कळे.

नाव नसलेला, केवळ हुद्दा असलेला वाचक इंग्रजी अमलातल्या कचेऱ्यांनी आणला. तिथल्या 'सर' या संबोधनाच्या जागी मराठीत 'महाशय', 'महोदय' बसले. 1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर सरकारी पत्रव्यवहार मराठीत वाढत गेला, तरी प्रति, विषय, संदर्भ आणि मग 'महोदय' ही चौकट कायम राहिली. खुर्चीवर बाई असू शकते हे ध्यानात आल्यावर तिरकी रेघ ओढून 'महोदय/महोदया' झाले. पण 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केल्यानंतर ती रेघही अपुरी ठरते. लंडनच्या फ्रेशफील्ड्स या वकिली संस्थेने 'डियर सर्स' 2016 मध्ये सोडले, म्हणजे जिथून साचा आला तिथेही तो आता मोडतो आहे.

सोलापुरात नावावरून अंदाज बांधणे विशेष धोक्याचे आहे, कारण इथे मराठी, तेलुगू आणि कन्नड नावे एकाच यादीत येतात. टॉवेलच्या चौकशीखाली 'लक्ष्मी एन.' अशी सही असेल, तर कारखान्यातला कारकून बिनदिक्कत 'महोदया' लिहील, आणि फोनवर लक्ष्मीनारायण नावाचे गृहस्थ बोलतील.

गंमत अशी की मराठीत ही अडचण जवळजवळ एका शब्दापुरतीच आहे. 'आपण कळविलेत', 'आपण आलात', 'आपण पाठवाल' यांत लिंग दिसत नाही. वाचकाशी थेट बोलताना ते उघडे पडते ते फक्त संबोधनात. म्हणून त्या कारकुनाने असे लिहावे: 'प्रति, खरेदी विभागप्रमुख', त्याखाली विषय, आणि मग 'स. न. वि. वि.', म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. या जुन्या मायन्यात नावही नाही आणि लिंगही नाही. तो घरगुती वाटत असेल, तर नुसता 'नमस्कार' पुरे. 'मा.' लावायलाही हरकत नाही, कारण मराठीत 'माननीय' दोघांनाही चालते.

सावध राहायचे ते मजकुरात वाचकाचा उल्लेख तृतीय पुरुषात येतो तिथे. 'संबंधित अधिकारी उपस्थित राहिले नाहीत' असे लिहिताच पुन्हा पुरुष गृहीत धरला जातो. 'संबंधित अधिकाऱ्यांची उपस्थिती नव्हती' असे फिरवले की वाक्य शाबूत राहते.