वरिष्ठांकडे तक्रार करताना सुरुवातीचा घटनाक्रम : अर्ज परत का येतो?

खालच्या पातळीवर दाद मिळाली नाही की वाद वरिष्ठांकडे किंवा लोकपालाकडे न्यावा लागतो. त्या पत्राच्या सुरुवातीला, कधी काय झालं ते तारखेनिशी सांगणारा एक छोटा परिच्छेद लिहावा. तक्रार दुसऱ्याच्या वतीने असेल तर अधिकारपत्र जोडा. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक नेहमीप्रमाणे. लोक अडकतात ते तारखांपाशी.

समजा, पाण्याच्या मीटरचं रीडिंग चुकीचं नोंदलं गेलं. घटनाक्रम असा लिहा :

“3 मार्च 2024 : रीडिंग 412 असताना 4120 धरून बिल आले (जोडपत्र 1). 11 मार्च : लेखी तक्रार दिली (जोडपत्र 2, पोच). 26 मार्च : मीटर तपासणी, अहवालात रीडिंग 431 (जोडपत्र 3). 29 एप्रिल : तक्रार फेटाळल्याचे 15 एप्रिलचे पत्र मिळाले (जोडपत्र 4, पाकिटासह). 6 मे : फेरविचार अर्ज दिला, अद्याप उत्तर नाही (जोडपत्र 5, पोच).”

यात सगळ्यात महत्त्वाची ओळ 29 एप्रिलची. वरिष्ठांकडे जायला 30 दिवसांची मुदत असेल आणि तुम्ही 24 मे रोजी तो अर्ज केला, तर पत्रावरच्या तारखेपासून मोजल्यास उशीर झालेला दिसतो. पत्र मिळाल्यापासून मोजल्यास तुम्ही मुदतीत आहात. म्हणून दोन्ही तारखा लिहा आणि शिक्का असलेलं पाकीट फेकू नका. मात्र नियमात ‘आदेशाच्या दिनांकापासून’ आहे की ‘आदेश मिळाल्यापासून’, हे आधी शब्दशः वाचा. फेरविचार अर्जाच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. तो दिल्याने मुदत थांबते, असं नियमात लिहिलेलं नसेल तर थांबत नाही, असंच धरून चाला.

दुसरी अडचण पोचेची. खिडकीवर कागद घेतात, शिक्का द्यायला मात्र टाळाटाळ करतात. हे चुकीचंच आहे, पण त्याची किंमत अर्जदार मोजतो. पोच नसेल तर अंदाजाने तारीख टाकू नका. तोच मजकूर स्पीड पोस्टने किंवा ईमेलने पुन्हा पाठवा आणि घटनाक्रमात स्पष्ट लिहा : “मार्चमध्ये तक्रार समक्ष दिली, पोच मिळाली नाही, तीच 2 एप्रिल रोजी टपालाने पाठवली.” फोनवरच्या बोलण्याचंही तसंच. त्याच दिवशी “आज आपण असे सांगितलेत” असा ईमेल केला, तरच त्या तारखेला आधार राहतो.

‘अनेक हेलपाटे घातले’, ‘मनस्ताप झाला’ ही वाक्यं खरी असली तरी त्यांची जागा पुढच्या परिच्छेदात. इथे एका तारखेला एकच घटना, आणि ती कुणी केली ते. सही करण्याआधी प्रत्येक तारीख जोडपत्रावर बोट ठेवून ताडून पाहा. पत्रात 11 आणि पोचेवर 12 असेल, तर 12 लिहा.