चार्जबॅक

कार्डाने चुकता झालेली रक्कम कार्डधारकाच्या तक्रारीवरून विक्रेत्याकडून परत वसूल करण्याची पद्धत. रिफंड विक्रेता आपणहून देतो. चार्जबॅकमध्ये मात्र कार्ड देणारी बँक व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्ड नेटवर्कमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम खेचून घेते, आणि ती बँक विक्रेत्याच्या खात्यातून ती वळती करते. बहुधा पैसे आधी जातात, बाजू मांडण्याची संधी नंतर मिळते.

या पद्धतीचा उगम अमेरिकेच्या 1974 च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टमध्ये असल्याचे सर्रास सांगितले जाते. बिलातील चुकीबद्दल 60 दिवसांत लेखी तक्रार करण्याचा हक्क क्रेडिट कार्डधारकाला या कायद्याने दिला, हे खरे. पण तो हक्क बँकेविरुद्धचा होता. बँकेने ते नुकसान विक्रेत्याकडून कसे भरून घ्यावे, हे त्या कायद्यात ठरवलेले नाही. ती वाट नेटवर्कांच्या नियमावलीतून, म्हणजे बँकाबँकांतील करारातून आली. शिवाय हा कायदा ज्यांना लागू नाही, त्या डेबिट कार्डांवरही चार्जबॅक चालतो. म्हणून कायद्याने गरज निर्माण केली आणि करारांनी यंत्रणा उभारली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटनच्या 1974 च्या कंझ्युमर क्रेडिट ॲक्टचे कलम 75 तर निराळेच आहे. 100 पौंडांहून अधिक आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या वस्तूंसाठी ते क्रेडिट देणाऱ्यालाच विक्रेत्याबरोबर जबाबदार धरते. त्याला चार्जबॅक समजणे चूक आहे.

प्रत्येक तक्रारीला कारणाचा संकेतांक असतो आणि पुरावा त्या संकेतांकाला उत्तर देणारा लागतो. व्हिसाच्या पद्धतीत 13.1 म्हणजे माल किंवा सेवा मिळाली नाही, तर 10.4 म्हणजे कार्ड समोर नसताना झालेला फसवा व्यवहार. माल पोहोचल्याची सही 13.1 मध्ये मोलाची ठरते. 10.4 मध्ये ती एकटी सहसा पुरत नाही, कारण तिथे प्रश्न माल पोहोचला का हा नसून खरेदी कार्डधारकाने केली का, हा असतो. सगळी कागदपत्रे एकत्र बांधून पाठवणारे विक्रेते इथेच हरतात. थ्री-डी सिक्युअर या ऑनलाइन पडताळणीने कार्डधारकाची ओळख पटली असेल तर फसवणुकीचे दायित्व सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. माल न मिळाल्याच्या तक्रारीपासून मात्र ते संरक्षण देत नाही.

स्वतःच केलेली खरेदी नाकारणाऱ्या ग्राहकांमुळे व्हिसाने एप्रिल 2023 पासून 10.4 साठी पुराव्याचा नवा निकष लावला. त्याच कार्डावरून त्याच विक्रेत्याकडे झालेले, फसवे म्हणून न नोंदवलेले दोन जुने व्यवहार दाखवायचे. ते तक्रारीच्या तारखेआधी 120 ते 365 दिवसांतले हवेत. शिवाय वादातल्या व्यवहाराशी त्यांचे किमान दोन तपशील जुळावे लागतात आणि त्यांत एक आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख असलीच पाहिजे.

समजा, 3 मार्चच्या खरेदीवर 20 एप्रिलला तक्रार आली. ग्राहकाचे आधीचे व्यवहार 12 जून, 5 नोव्हेंबर आणि 10 जानेवारीचे आहेत. जानेवारीचा व्यवहार अवघा 100 दिवस जुना, म्हणून तो बाद. तक्रारीची सर्वसाधारण मुदत 120 दिवसांची असल्याने त्यावर अजून आक्षेप येऊ शकतो. जूनचा 312 आणि नोव्हेंबरचा 166 दिवस जुना, म्हणजे दोन्ही चालतात. या दोन्ही वेळी आणि वादातल्या खरेदीत आयपी पत्ता आणि पोहोचवण्याचा पत्ता एकच असेल, तर दायित्व कार्ड देणाऱ्या बँकेकडे वळते. आयपी पत्त्याची नोंद वर्षभर जपलेली नसेल, तर हा मार्ग बहुधा बंदच.

तक्रारीमागे विक्रेत्याची बँक वेगळे शुल्क लावते. अनेक करारांत ते जिंकल्यावरही परत मिळत नाही. मात्र खरा भार प्रमाणाचा असतो. मास्टरकार्ड चालू महिन्याच्या चार्जबॅकना मागील महिन्याच्या व्यवहारसंख्येने भागते. महिन्यात किमान 100 चार्जबॅक आणि प्रमाण किमान 1.5 टक्के झाले की विक्रेता निगराणीत येऊ शकतो. हंगामात 10,000 व्यवहार झाले आणि त्यांतल्या 110 वर दोन-तीन महिन्यांनी तक्रारी आल्या, तर विक्रीच्या मानाने प्रमाण 1.1 टक्के भरते. पण भाजक म्हणून मंदीच्या महिन्याचे 4,000 व्यवहार धरले, की तेच 2.75 टक्के होते. जिंकलेली प्रकरणेही या मोजणीतून वगळली जात नाहीत. त्यामुळे भक्कम पुरावा रक्कम परत मिळवून देतो, प्रमाण घटवत नाही. ते घटवायचे तर तक्रार चार्जबॅक होण्याआधीच रिफंड द्यावा लागतो.

प्रमाण चढेच राहिल्यास दंड होतो, दर वाढतो किंवा विक्रीचा काही भाग राखीव म्हणून अडकवून ठेवला जातो. करार रद्द झालेल्या विक्रेत्याचे नाव मास्टरकार्डच्या मॅच यादीत गेले, तर ते तिथे पाच वर्षे राहते आणि नवे खाते उघडताना दुसरी बँकही ती यादी पाहते.