सेल्सफोर्स प्रशासक प्रमाणपत्र

सेल्सफोर्स ही विक्री, ग्राहकसेवा आणि विपणन यांच्या नोंदी ठेवणारी संगणकप्रणाली आहे. एखाद्या कंपनीत ती बसवणे, तिच्यात बदल करणे आणि ती सांभाळणे हे काम येते की नाही, हे तपासून दिले जाणारे हे प्रमाणपत्र. ते सॅन फ्रान्सिस्को येथे १९९९ साली स्थापन झालेली सेल्सफोर्स कंपनी स्वतःच देते. प्रस्तुत नोंदीत सेल्स ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे विक्रीचे अहवाल, पाइपलाइन आणि नोंदींची शिस्त सांभाळणाऱ्या माणसाच्या बाजूने या प्रमाणपत्राचा विचार केला आहे.

नाव. जुन्या उमेदवारांच्या बोलण्यात हे प्रमाणपत्र अजूनही ‘एडीएम-२०१’ असते. हा सांकेतिक क्रमांक प्रशासकांसाठीच्या प्रशिक्षणवर्गालाही होता आणि परीक्षेलाही. त्यामुळे तो मुळात कशाचा, याबद्दल दोन मते ऐकू येतात. वर्गाचा क्रमांक परीक्षेला चिकटला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारण हा क्रमांक अभ्यासक्रमांच्या पायऱ्या मोजण्याच्या अमेरिकी महाविद्यालयीन पद्धतीचा दिसतो. कंपनीने २०२५ मध्ये अधिकृत नाव ‘प्लॅटफॉर्म प्रशासक’ असे केले. ताज्या जाहिरातीत आणि जुन्या बायोडेटात निरनिराळी नावे आढळली, तरी प्रमाणपत्र एकच आहे.

परीक्षेचे स्वरूप. गुण मोजले जाणारे प्रश्न ६०. त्यांखेरीज पाचपर्यंत बिनगुणांचे प्रश्नही मध्ये मिसळलेले असू शकतात, पण ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. वेळ १०५ मिनिटे. उत्तीर्ण होण्यास ६५ टक्के, म्हणजे ६० पैकी ३९ उत्तरे बरोबर लागतात. शुल्क २०० अमेरिकी डॉलर आणि वर स्थानिक कर. फेरपरीक्षेचे १०० डॉलर. पूर्वअट कोणतीही नाही. परीक्षा केंद्रावर जाऊन देता येते, किंवा घरून कॅमेऱ्यासमोर. जवळ पुस्तक वा टिपण ठेवण्यास मनाई आहे. परीक्षा मराठीत होत नाही. आपल्याकडचे उमेदवार ती इंग्रजीतूनच देतात.

काही प्रश्नांना दोन किंवा तीन उत्तरे निवडायची असतात. किती निवडायची ते प्रश्नातच सांगितलेले असते, मात्र अर्ध्या उत्तराला अर्धे गुण नाहीत. तीनपैकी दोन बरोबर आली तरी पदरात शून्यच पडते.

परीक्षेच्या विषयांच्या दीर्घकाळ चाललेल्या आराखड्यात विक्री व विपणनाचा वाटा १२ टक्के होता. मांडणी व सेटअप २०, ऑब्जेक्ट मॅनेजर व पानांची रचना २०, कामांचे स्वयंचलन १६, माहिती व अहवाल १४, ग्राहकसेवा ११ आणि उत्पादकता ७ टक्के असे बाकीचे वाटप होते. आराखडा अधूनमधून बदलतो, म्हणून तो परीक्षेआधी पाहून घ्यावा. पण यातला एक धडा टिकाऊ आहे. विक्रीकडून येणारा माणूस लीड म्हणजे संभाव्य ग्राहकांच्या नोंदी, ऑपॉर्च्युनिटी म्हणजे सौद्यांच्या नोंदी आणि अहवाल यांत रोज वावरतो, आणि हा त्याचा परिचित प्रदेश परीक्षेचा जेमतेम चौथा हिस्सा भरतो. केस म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी, त्यांच्या रांगा, वाटपाचे नियम हा ग्राहकसेवेचा भाग त्याने कधी उघडूनही पाहिलेला नसतो, आणि तिथेच सहा-सात प्रश्न असतात.

नोंदी कोणाला दिसतात. परीक्षेत आणि नोकरीत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो या विषयात. म्हणून त्याचे एक उदाहरण सविस्तर घेऊ. एका कंपनीत उत्तर, पश्चिम आणि दक्षिण असे तीन विभाग मिळून २४० चालू ऑपॉर्च्युनिटी आहेत. मूळ दृश्यता `Private` ठेवली आहे, म्हणजे ज्याची नोंद त्यालाच दिसते, आणि भूमिकांच्या उतरंडीत त्याच्या वर असलेल्यांना. सेल्स ऑपरेशन्सच्या माणसाला पश्चिमेच्या विक्रेत्यांच्या वरची भूमिका दिलेली आहे. तो तिमाही अहवाल काढतो, गाळणीत ‘सर्व ऑपॉर्च्युनिटी’ निवडतो आणि बेरीज ९० नोंदींचीच येते. अहवालात कुठेही चुकीची सूचना उमटत नाही. ‘सर्व’ याचा अर्थ तिथे ‘तुला दिसणाऱ्या सर्व’ एवढाच असतो. खूण एकच: तोच अहवाल प्रशासकाच्या खात्यातून चालवला की २४० येतात.

आता प्रश्न असा: त्याला सर्व नोंदी दिसाव्यात, पण एकही बदलता येऊ नये. मूळ दृश्यता सर्वांसाठी वाचनापुरती खुली केली, तर प्रत्येक विक्रेत्याला दुसऱ्या विभागाचे सौदे दिसू लागतील. त्याची भूमिका उतरंडीच्या टोकाला नेली, तर नोंदीच्या मालकाइतकाच अधिकार त्याच्याकडे येतो आणि नोंदी बदलण्याची वाटही उघडते. सर्व नोंदी बदलू देणारा `Modify All` तर सरळच चूक. योग्य उत्तर म्हणजे एका परमिशन सेटमधून, म्हणजे निवडक माणसांना देता येणाऱ्या जादा अधिकारांच्या संचातून, ऑपॉर्च्युनिटीवर `View All` देणे.

बहुतेक अभ्यासपुस्तिका इथे थांबतात, पण प्रत्यक्षात एक धागा लोंबकळतो. पश्चिमेच्या ९० नोंदी त्याला उतरंडीतून मिळालेल्या आहेत. त्याच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे खात्याच्या मूळ अधिकारांत, किंवा दुसऱ्या एखाद्या परमिशन सेटमध्ये ऑपॉर्च्युनिटीचा `Edit` अधिकार असेल, तर त्या ९० तो अजूनही बदलू शकतो. उरलेल्या १५० मात्र फक्त वाचू शकतो. तेव्हा तो अधिकारही काढावा लागतो. एखादी नोंद कोणाकोणाला पोचली आहे, हे त्या नोंदीवरच्या `Sharing Hierarchy` मध्ये पाहता येते.

नूतनीकरण. सेल्सफोर्स वर्षातून तीनदा, स्प्रिंग, समर आणि विंटर या नावांनी, नवी आवृत्ती आणते. पूर्वी प्रत्येक आवृत्तीनंतर प्रमाणपत्रधारकाला छोटी परीक्षा द्यावी लागे आणि वार्षिक शुल्कही असे. २०१९ च्या सुमारास ही पद्धत संपली. तेव्हापासून ट्रेलहेड या कंपनीच्या शिक्षणस्थळावर वर्षातून एक छोटा धडा पुरा केला की पुरते, आणि तो विनाशुल्क आहे. धड्यात नव्या सुविधांचे वाचन, बहुपर्यायी प्रश्न आणि बहुधा सरावाच्या ऑर्गमध्ये, म्हणजे सेल्सफोर्सच्या सरावापुरत्या स्वतंत्र प्रतीत, करून दाखवायचे एक काम असते. प्रश्न चुकले तर पुन्हा देता येतात. कमी होतात ते ट्रेलहेडचे गुण, प्रमाणपत्राला धक्का लागत नाही.

पुस्तक उघडे ठेवून दिलेल्या धड्याला पुरावा म्हणावे का, यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत. तो जुन्या ज्ञानाची फेरतपासणी करत नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र नवे बदल नजरेखालून जावेत एवढा त्याचा हेतू मानला, तर तो पुरेसा ठरतो. कामे आपोआप करवून घेणारी वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर ही जुनी साधने मागे पडून फ्लो पुढे आले. ज्यांनी परीक्षा त्याआधी दिली, त्यांना असेच बदल कळणे गरजेचे असते.

करून दाखवायचे काम यंत्र तपासते, आणि ते नावे अक्षरशः जुळवते. `Deal_Review` ऐवजी `DealReview` असे नाव दिले तर फ्लो उत्तम चालूनही तपासणी नापास होते. सरावाच्या ऑर्गची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी ठेवणे आणि तपासणीच्या वेळी भलतेच ऑर्ग निवडलेले असणे, ही आणखी दोन नेहमीची कारणे. याहून महागात पडणारी चूक वेगळीच आहे. धडा एका ईमेलच्या खात्यावर पुरा झालेला असतो, प्रमाणपत्र दुसऱ्या, बहुधा जुन्या नोकरीच्या ईमेलवर असते, आणि दोन्ही खाती जोडलेली नसतात. मग धडा पुरा केल्याचा बॅज मिळूनही नूतनीकरण नोंदले जात नाही. म्हणून धडा झाल्यावर प्रमाणपत्राच्या पानावरची स्थिती आणि पुढची मुदत स्वतः पाहावी.

मुदत चुकली की प्रमाणपत्र कालबाह्य होते. राहून गेलेला धडा नंतर करून ते परत मिळत नाही. पूर्ण परीक्षा शुल्क भरून नव्याने द्यावी लागते.