रोज बुडाला, दिवस बुडाला

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तो जुना निरोप परवा पुन्हा फिरत आला. अशी एक बँक आहे म्हणे, जी रोज सकाळी तुमच्या खात्यात ८६,४०० रुपये जमा करते आणि रात्री उरलेली सगळी रक्कम काढून घेते. शेवटी उलगडा होतो, की ही बँक म्हणजे वेळ आणि ते रुपये म्हणजे दिवसाचे सेकंद. गणित चोख आहे, चोवीस गुणिले साठ गुणिले साठ. खाली हात जोडलेली आठ-दहा चित्रं आली, एका मामांनी 'डोळे उघडले' असंही लिहिलं.

मला ती बँकच खटकली. रात्री शिल्लक काढून घेणारी बँक कुणी पाहिली आहे? पैशाचा मोठा गुण हा, की तो न वापरता ठेवता येतो. वेळ तसा ठेवता येत नाही. म्हणून निरोप लिहिणाऱ्याला एक विचित्र बँक काढावी लागली. 'वेळ म्हणजे पैसा' ही उपमा जिथे फाटते, नेमक्या तिथेच त्यानं ठिगळ लावलंय.

हे ठिगळ कळायला थोडं मागे जाऊ. शाळेत रूपक अलंकार शिकताना आपण समजलो, की रूपक ही कवीची गोष्ट, नयनकमल वगैरे. १९८० साली जॉर्ज लेकॉफ हे भाषाशास्त्रज्ञ आणि मार्क जॉन्सन हे तत्त्वज्ञ यांनी म्हटलं, की रूपकं मुळात विचारात असतात, भाषेत दिसतो तो त्यांचा माग. एका ओळखीच्या क्षेत्राची अख्खी मांडणी उचलून दुसऱ्या, हाताला न लागणाऱ्या क्षेत्रावर बसवायची, याला संकल्पनात्मक रूपक म्हणतात. वादाचं घ्या. इंग्रजीत वादावर युद्ध बसवलेलं आहे, म्हणून तिथे मुद्द्यांवर हल्ले होतात, बाजू राखल्या जातात. आपल्याकडेही माघार घेतात, पण मला आपला वाद लढाईपेक्षा जत्रेतल्या कुस्तीसारखा जास्त वाटतो. डाव टाकतात, पेचात पकडतात, चीत करतात, अस्मान दाखवतात. कुस्तीत समोरच्याला मारायचं नसतं आणि भोवती बघे लागतात. आमच्या पारावरचा कुठलाही वाद आठवून पाहा.

वेळेकडे येऊ. 'वेळ म्हणजे पैसा' हे वाक्य बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४८ साली एका तरुण व्यापाऱ्याला उपदेश करताना लिहिलं. लेकॉफ आणि जॉन्सन यांनी या रूपकाखाली आणखी दोन थर दाखवले. पैसा ही मर्यादित चीज असते, आणि मर्यादित चीज मोलाची असते. म्हणून एक रूपक मान्य केलं, की खालची दोन आपोआप गळ्यात पडतात. आता मराठी शब्द या थरांवर टाकून बघा. वेळ खर्च झाला, शिल्लक राहिला, वेळेची गुंतवणूक केली, हे पैशाच्या थरातले शब्द. पण घरात आपण काय बोलतो? वेळ पुरत नाही, वेळ उरला, संपला, वाया गेला. भाकरी पुरत नाही, वरण उरतं, पाणी वाया जातं. (पोरगंही वाया जातं, पण ते वेगळं प्रकरण.) हे शब्द कणगीतले आणि माठातले आहेत, तिजोरीतले नाहीत. घरगुती मराठीत वेळ ही सरणारी वस्तू आहे. ती रुपया बनते बहुतेक ऑफिसात, आणि वेळेच्या नियोजनाची शिबिरं घेणाऱ्यांच्या तोंडी.

असं मी खुशाल धरून चाललो होतो. मग अमळनेरच्या बाजूला आमच्या शेतात निंदणीला येणाऱ्या आक्कांनी मला खोटं पाडलं. एक दिवस त्या आल्या नाहीत, नातवाला दवाखान्यात न्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मना रोज बुडना ना भाऊ." माझा रोज बुडाला. हे वाक्य शंभर वेळा ऐकलं असेन, पण त्या दिवशी मी त्यावर अडलो.

रोज हा शब्द फारसीतून आला, त्याचा अर्थ दिवस. आपण 'रोज' म्हणतो तेव्हा तोच दिवस असतो. पण 'तिचा रोज किती?' असं विचारलं, की उत्तर रुपयांत येतं. दिवसाचं नाव दिवसाच्या मजुरीला मिळालं. हे रूपक नव्हे. आपल्या साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतील, म्हणजे एका गोष्टीशी प्रत्यक्ष जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीला तिचंच नाव देणं. रूपकात दोन क्षेत्रं एकमेकांपासून दूर असतात आणि आपण त्यांच्यावर पूल बांधतो. इथे पूल बांधावाच लागत नाही. दिवस आणि मजुरी संध्याकाळी एकाच हातात येतात.

आणि मग ते 'बुडाला'. खिशातली नोट रस्त्यात पडली तर आपण 'बुडाली' म्हणत नाही, 'हरवली' म्हणतो. उधारी परत आली नाही तर ती बुडते, पतसंस्थेतली ठेव बुडते. बुडतो तो पैसा, जो आपला होता पण दुसऱ्याकडे होता, येणं होता. म्हणजे आक्कांच्या वाक्यात त्या दिवसाची मजुरी सकाळी उजाडतानाच त्यांची झालेली होती. काम अजून व्हायचं होतं, तरी पैसे येणं लागत होते, आणि ते बुडाले. एवढा सगळा हिशेब एका क्रियापदात बसलाय! तेच क्रियापद सूर्यालाही लागतं. दिवस बुडाला म्हणजे मावळला, आणि दिवस बुडाला की रोज भरतो. दोन्ही वाक्यं एकाच संध्याकाळी म्हणता येतात आणि कुणाचाही घोळ होत नाही.

याची उलट बाजू वेचणीला दिसते. निंदणी रोजानं असते, कापसाची वेचणी किलोवर. वेचणीच्या दिवसांत आक्का उशिरा आल्या तर रोजाचं नाव काढत नाहीत, 'आज दोन किलो कमी भरीन' असं म्हणतात. माणूस तोच, शेत तेच, सूर्यही तोच. मोजायचं माप घड्याळावरून तराजूवर गेलं आणि वेळेचं पैशाशी लागलेलं लग्न मोडलं. लेकॉफ आणि जॉन्सन यांचं म्हणणं असंच होतं, की हे रूपक माणसाच्या जन्माबरोबर येत नाही. तासावर पगार, दिवसावर भाडं, महिन्यावर व्याज अशा पद्धती आल्या, त्यातून ते रुजलं. आपल्याकडे सालदारकी त्याहून जुनी आहे. आखाजीच्या सुमाराला, काही गावांत पाडव्याला, माणूस आपलं अख्खं साल ठरवून देतो. पण सालदाराच्या मिनिटांचा भाव कुणी काढत नाही.

आता नेहमीचा आक्षेप. हे सगळं बोलण्यापुरतं असेल, डोक्यात खरंच काही होतं कशावरून? आक्षेप रास्त आहे. 'वेळ खर्च झाला' असं म्हणतो म्हणून वेळेचा विचार पैशासारखा करतो, आणि तसा विचार करतो म्हणून असं बोलतो, हा गोल फेरा झाला. तो तोडायला भाषेबाहेरचा पुरावा लागतो.

२००१ साली माणसं निर्णय कसे घेतात याचे अभ्यासक दिलीप सोमण यांनी एक सुरेख प्रश्न घेतला. गेलेल्या पैशाला आपण धरून बसतो, हे माहीत होतं. समजा जळगावात एकाच संध्याकाळी दोन कार्यक्रम आहेत आणि तुमच्याकडे दोन्हींची तिकिटं आहेत, एक दीडशेचं, एक साडेचारशेचं. दोन्ही पैसे गेलेच आहेत. तरी आवड बाजूला ठेवून पाय महागड्या तिकिटाकडे वळतो. मग तिकिटं पैशानं न घेता काम करून मिळवली असतील तर? एकासाठी पाच तास राबलात, दुसऱ्यासाठी पंधरा. वेळ जर मनात पैसाच असेल, तर पंधरा तासांनी तशीच ओढ लावायला हवी. सोमण यांच्या प्रयोगांत ती ओढ दिसली नाही. गेलेले तास माणसं सोडून देत होती. पण तासांचा पैशात हिशेब करणं लोकांना सोपं करून दिलं, की ओढ परत आली.

म्हणजे रूपक तोंडात असलं तरी डोक्यात कायम चालू नसतं. ते चालू करावं लागतं, आणि दर माहीत झाला की चालू होतं. २०१२ साली सॅनफर्ड डीव्हो आणि ज्युलियन हाऊस या संशोधकांनी याची किंमतही दाखवली. काही लोकांना आधी आपल्या तासाच्या कमाईचा हिशेब करायला लावलं आणि मग ८६ सेकंद छान संगीत ऐकवलं. हिशेब केलेल्यांना ते कमी आवडलं, ते जास्त उतावीळ झाले. ऐकण्याचेच पैसे दिले, तेव्हा हा फरक राहिला नाही.

ताळा घरी करता येतो. समजा रोज तीनशे रुपये आणि काम आठ तास. तास साडेसदतीस रुपयांचा झाला, बांधावरचा दहा मिनिटांचा चहा सव्वासहा रुपयांचा. मी हे आकडे वहीत मांडले आणि त्या दुपारी चहाच्या वेळी दोनदा घड्याळ पाहिलं, हे कबूल करतो.

जाता जाता मुहूर्तवाल्यांबद्दल. 'माझी वेळ वाईट चाललीय' या वाक्यात वेळ पैसाही नसते आणि धान्यही नसते, घरी येऊन बसलेला पाहुणा असते. बोलायला हे रूपक झकास आहे, 'वेळ काय सांगून येते का' हे आपण सगळेच म्हणतो. घोटाळा होतो तो त्या पाहुण्याला खरंच स्वभाव आहे असं धरून साडेसातीची शांत करायला पैसे मोजतो तेव्हा. बँकेचा निरोप पाठवणारे मामा आणि राहुकाळ टळल्याशिवाय मोटरसायकल न काढणारे मामा एकच आहेत. सकाळी त्यांचा प्रत्येक सेकंद सारख्या मोलाचा असतो, दुपारी दीड तास बाद होतो.

मग मी आक्कांना तो निरोप वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकला. रात्री उरलेली रक्कम बँक काढून घेते या वाक्यावर थांबवून विचारलं, "आणि आपलं कर्ज असलं त्या बँकेत, तर तेही रात्री फिटतं का?"